'मालिक' की 'मलिक'? एका कान्याचा प्रश्न

अक्षरयात्री
कुराणाच्या एका मराठी अनुवादाचं मुद्रितशोधन करताना अडलो आहे. सूरह फातिहाची चौथी आयत, 'मालिकि यौमिद्दीन'. पुस्तकात तिचं मराठी 'निवाड्याच्या दिवसाचा मालक' असं आहे. पुढे एका टिपेत तीच आयत 'निवाड्याच्या दिवसाचा राजा' अशी येते. मी एकवाक्यतेसाठी टिपेतही 'मालक' केलं. अनुवादकांनी ते पुन्हा 'राजा' केलं आणि समासात लिहिलं, 'इथे पाठभेद आहे, हात लावू नये.' माझे प्रश्न दोन. एकाच आयतीचे दोन्ही अर्थ बरोबर कसे? आणि दोन्ही पेलणारा एखादा मराठी शब्द आहे का?

जुनी वही
सोपं आहे. सुरुवातीच्या अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहीतच नसत, आणि दीर्घ 'आ'सुद्धा बऱ्याच ठिकाणी गाळत. या शब्दाची लिहिलेली अक्षरं तीनच, मीम, लाम, काफ. काना द्यायचा की नाही ते वाचणाऱ्याने ठरवायचं. कुणी 'मालिक' वाचलं, कुणी 'मलिक'. पुढे दोन्ही रूढ झाली. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा असाच घोळ होतो.

शुद्धमती
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: 'स्वामी'. मालक आणि राजा दोन्ही त्यात येतात. धर्मग्रंथाच्या मराठीत 'मालक' कानाला खटकतो. घरमालक, दुकानमालक आठवतात. चांगला मराठी शब्द असताना परका कशाला?

नसीम
जुनी वही, अक्षरं तीन हे बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. एक पडताळा घ्या. हीच तीन अक्षरं आणखी दोन ठिकाणी पाहा. शेवटच्या सूरहमध्ये (११४:२) 'मलिकिन्नास', म्हणजे माणसांचा राजा. आणि ३:२६ मध्ये 'मालिकल्मुल्क', राज्याचा मालक. जुन्या लिपीत तिन्ही ठिकाणी शब्द अगदी सारखाच दिसतो. वाचणाऱ्यांनी आपापल्या मर्जीने काना लावला असता, तर तिन्ही ठिकाणी मतभेद दिसायला हवा होता. तसं नाही. पठणाच्या दहा परंपरा मान्य आहेत. ११४:२ मध्ये त्यांचे दहाही इमाम बिनकान्याचं वाचतात, ३:२६ मध्ये दहाही कान्याचं. फरक फक्त फातिहात आहे.

वाचन लिपीतून निघालेलं नाही, ते कानावरून आलेलं आहे. गुरूने जसं म्हटलं तसं शिष्याने म्हणायचं. लिपीचं काम एवढंच की तिच्यात न बसणारं वाचन बाहेर ठेवायचं. किराअत म्हणजे अशी एकेका इमामाची पठणपरंपरा. ती मान्य होण्याच्या कसोट्या तीन: उस्मानी लेखनात, म्हणजे खलिफा उस्मानच्या प्रतींतल्या लेखनात बसली पाहिजे, अरबी व्याकरणात बसली पाहिजे आणि गुरुपरंपरा खात्रीची पाहिजे. नुसतं लिपीत बसतं म्हणून कुणाला नवं वाचन काढता येत नाही.

फातिहात आसिम, किसाई, याकूब आणि खलफ हे चौघे 'मालिक' वाचतात. नाफी, इब्न कसीर, अबू अम्र, इब्न आमिर, हमज़ा आणि अबू जाफर हे सहा जण 'मलिक'. आज बहुतेकांच्या कानात 'मालिक' बसलंय, कारण कूफ्याच्या आसिमची किराअत त्याचा शिष्य हफ्स याच्यामार्फत सगळ्यात जास्त पसरली आणि १९२४ साली कैरोत छापलेली प्रतही तिच्यावरच बेतलेली होती. पण मोरोक्को, अल्जीरियात मदीनेच्या नाफीची किराअत चालते, त्याचा शिष्य वर्श याच्या रिवायतीने, म्हणजे त्याने पुढे पोचवलेल्या रूपात. तिथल्या नमाजेत 'मलिकि यौमिद्दीन'च म्हणतात.

तेव्हा अनुवादकांनी टिपेत 'राजा' ठेवला ते योग्यच. फक्त समासातला 'पाठभेद' हा शब्द मला पटत नाही.

तळटीप
'पाठभेद' का नाही? मराठीत याला दुसरा शब्दच नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत ओव्या निराळ्या सापडतात, त्यांना आपण पाठभेदच म्हणतो.

नसीम
ज्ञानेश्वरीच्या पाठभेदात आपण गृहीत धरतो की मूळ एक होतं आणि नकला करताना फरक पडला. संपादक त्यातला एक निवडतो, बाकीचे तळाशी घालतो. किराअतीत तसं मानत नाहीत. दोन्ही वाचनं पैगंबरांपर्यंत जातात असं मानतात, म्हणून एक खरं आणि दुसरं सुधारण्याजोगं असा निवाडाच करत नाहीत. तुलना करायचीच तर वेदांच्या शाखांशी करा. 'पठणभेद' म्हटलं तरी चालेल.

तळटीप
निवाडा करत नाहीत हे पूर्ण खरं नाही. तबरीसारख्या जुन्या भाष्यकाराने याच जागी 'मलिक'ला झुकतं माप दिलंय. म्हणजे जुन्या लोकांनाही तुलना करावीशी वाटली होती. आणि 'पठणभेद' म्हटलं की मराठी वाचकाला सुरातला किंवा उच्चारातला फरक वाटेल. इथे तर शब्दच बदलतोय.

नसीम
तबरीचं बरोबर सांगितलंत. माझं वाक्य पुढच्या काळाला, दहा किराअती ठरून गेल्यानंतरच्या परंपरेला जास्त लागू पडतं.

रानवाट
माझ्याकडे मोरोक्कोहून आलेली प्रत आहे. तिच्यात छपाईच्या चुका आहेत असं मी आजवर समजत होतो. ही आयत तिच्यात ४ नाही, ३ क्रमांकावर आहे. शिवाय 'क़ाफ'ला दोनच्या जागी एकच नुक्ता आणि 'फे'चा नुक्ता खाली. हे सगळं किराअतीमुळेच का?

नसीम
नुक्ते हा किराअतीचा विषय नाही, ती मगरिबी, म्हणजे मोरोक्कोकडची लिहिण्याची रीत आहे. तिथे 'फे'ला खाली एक नुक्ता आणि दोन नुक्तेवाल्या 'क़ाफ'ला वर एक. आपल्याकडची सवय असलेला माणूस त्यांचा 'क़ाफ' हमखास 'फे' म्हणून वाचतो आणि शब्दच बदलला असं समजतो. उच्चार तोच असतो.

क्रमांकाचं कारण वेगळं. कूफ्याच्या मोजणीत फातिहातली 'बिस्मिल्लाह' ही पहिली आयत धरतात. मदीनेच्या मोजणीत ती धरत नाहीत, शेवटची लांब आयत दोन धरतात. बेरीज दोन्हीकडे सातच. पण अल-बकराच्या आरंभीचं 'अलिफ लाम मीम' कूफावाले वेगळी आयत मोजतात, मदीनावाले नाही. म्हणून हफ्सच्या प्रतीतली २:३७ तुमच्या प्रतीत २:३६ वर सापडेल.

छपाईची चूक आणि किराअत यांतला फरक ओळखायला प्रतीची शेवटची पानं पाहा. कुणाच्या रिवायतीने आणि कुठल्या मोजणीने छापली ते तिथे बहुधा दिलेलं असतं. मग 'मीम'वर उभी छोटी रेघ, आपल्याकडे जिला खडा जबर म्हणतात, ती आहे का पाहा. असली तर 'मालिक', साधा जबर, म्हणजे नुसती ऱ्हस्व 'अ'ची खूण असली तर 'मलिक'.

अक्षरयात्री, तुमच्या पुस्तकातले आयतींचे क्रमांकही एकाच मोजणीचे आहेत ना, हे तपासून घ्या. टिपा दुसऱ्या प्रतीवरून घेतल्या असतील तर तिथेच गफलत होते.

जुनी वही
लिपीबद्दलचं माझं विधान मागे घेतो, ११४:२ चा पडताळा पटला. पण मग एवढं मान्य करा की अशा फरकांनी अर्थाला काही होत नाही. मालक काय, राजा काय, रोख एकच.

नसीम
रोख एक असतो, वाक्य दोन असतात. मालकाला आपल्या वस्तूचं काहीही करता येतं, पण तो राजा असेलच असं नाही. राजाचा हुकूम सगळ्यांवर चालतो, पण सगळ्यांची चीजवस्तू त्याची नसते. 'मालिक'वाले ८२:१९ दाखवतात, त्या दिवशी कुणाच्या हाती कुणासाठी काहीही नसेल. तिथलं क्रियापद याच धातूचं आहे. 'मलिक'वाले ४०:१६ दाखवतात, 'आज राज्य कुणाचं?'

जिथे फरक याहून ठळक आहे अशी जागा हवी असेल तर तीच २:३७ घ्या. हफ्स वाचतो 'आदमु ... कलिमातिन'. आदम कर्ता, शब्द कर्म. आदमाने आपल्या प्रभूकडून शब्द घेतले. मक्केचा इब्न कसीर वाचतो 'आदम ... कलिमातुन'. इथे शब्द कर्ता आणि आदम कर्म. प्रभूकडचे शब्द आदमापर्यंत पोचले. क्रियापद एकच, अक्षरं तीच, फक्त दोन शब्दांच्या शेवटचे स्वर बदलले. एकीकडे माणूस पुढे होऊन घेतो, दुसरीकडे शब्दच त्याला येऊन भेटतात.

पठण करणाऱ्याची चूक नेमकी इथेच होते. दोन किराअती शिकलेला माणूस नकळत पहिला शब्द एकीचा आणि दुसरा दुसरीचा घेतो. 'आदमु ... कलिमातुन' झालं की वाक्यात दोन कर्ते आणि कर्मच नाही. उलट केलं तर दोन कर्मं आणि कर्ता नाही. मराठीत 'रामाने सीतेने पाहिलं' म्हणण्यासारखं. म्हणून नियम असा, की एकमेकांवर अवलंबून असलेल्या शब्दांत किराअती मिसळायच्या नाहीत. अनुवादालाही हाच नियम लावावा असं मला वाटतं. शेजारी जी अरबी छापली आहे तिचाच अर्थ मजकुरात, दुसरा टिपेत, आणि टिपेत कुणाची किराअत ते नाव घालून.

शुद्धमती
माझा 'स्वामी' तसाच राहिला. मलिक म्हणजे राजा हेही मला शंकास्पद वाटतं. मलिक अंबर, मलिक काफूर हे राजे नव्हते, सरदार होते.

तळटीप
ती सुलतानांच्या दरबारातली पदवी. तिथे खान वर, मलिक त्याच्याखाली. अरबीत मलिक म्हणजे राजाच. आणि 'मालक' परका म्हणता, पण या आयतीपुरता तो मूळ शब्दच आहे, मराठीत आयता आलेला. 'मुलूख'ही त्याच धातूचा. 'मालमत्ता' आणि 'मिळकत'ही तिकडचेच.

नसीम
'मालमत्ते'तला 'माल' निराळ्या धातूचा आहे, म-व-ल. म-ल-क शी त्याचा संबंध नाही.

जुनी वही
आणि 'मिळकत' सरळ 'मिळणे'पासून. मिळतं ती मिळकत.

तळटीप
'मिल्कियत' शब्द समोर असताना? अर्थही तोच, मालकीची वस्तू.

जुनी वही
मग 'बचत', 'खपत' यांचंही मूळ अरबीत शोधाल का? 'मिळकत' त्याच घडणीचा आहे.

रानवाट
मला 'धनी' सुचतो. शेताचा धनीही असतो आणि गावाचा धनीही.

अक्षरयात्री
'धनी' आवडला, पण 'दिवसाचा धनी' वाचताना अडखळायला होतं. तूर्त नसीम म्हणतात तसं करतो. शेजारची अरबी हफ्सची आहे, म्हणून मजकुरात 'मालक'. टिपेत 'राजा', आणि पुढे 'नाफी इत्यादींच्या किराअतीनुसार'. क्रमांकही तपासले, दोन टिपांत मदीनेची मोजणी निघाली.

शुद्धमती
मग ३:२६ चं काय कराल? 'मालिकल्मुल्क'. एकाच धातूचे दोन शब्द शेजारी आहेत. 'राज्याचा मालक' म्हटलं तर तो सांधा मराठीत दिसत नाही. 'मुलखाचा मालक' म्हटलं तर सांधा दिसतो, पण मुलूख म्हणजे प्रदेश, सत्ता नव्हे.

नसीम
'मुलखाचा मालक' वाचायला फार चांगलं आहे. पण तिथे 'मुल्क' म्हणजे सत्ताच. पुढचंच वाक्य 'तू हवं त्याला ती देतोस, हवं त्याच्याकडून काढून घेतोस' असं आहे. मुलूख असा देता-घेता येतो का, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही.

तळटीप
जुन्या मराठीत 'मुलूख' राज्य या अर्थाने येतोच. एखादं वाक्य सापडलं की इथे देतो.