अनुभव धागा: गट जमतो, भांडतो, रुळतो, तेव्हा म्होरक्यानं काय करायचं?

माणदेशी_माया

बचत गटातलं पहिलं खरं भांडण बहुतेक वेळा पहिल्या कर्जाला होतं. तोवर सगळ्या जणी एकमेकींना जपून बोलतात. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग आणि परफॉर्मिंग, म्हणजे गट जमतो, भांडतो, रुळतो आणि मग जोमानं काम करतो. बचत गट उभे करण्याच्या आमच्या कामाच्या प्रशिक्षणात ते शिकवतात, पण प्रत्येक टप्प्यावर गट चालवणाऱ्यानं नेमकं काय करायचं ते गावात बसल्यावरच कळतं. तुमचे अनुभव हवे आहेत, गट कुठलाही चालेल. सुरुवात मी करते.

बारा बायकांचा गट, महिना शंभर रुपये बचत. पहिले तीन महिने बैठक मीच चालवायचे. गोल बसायचं, पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, जमलेला आकडा मोठ्यानं सांगायचा, वहीत लिहायचा, मग पेटी बंद. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. या काळात बायकांना मोकळीक नको असते, काय करायचं ते कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं असतं. "तुम्हीच ठरवा" म्हटलं की सगळ्या अध्यक्षबाईंच्या तोंडाकडे बघतात आणि गट तिथंच त्यांच्या खिशात जातो.

चौथ्या महिन्यात पेटीत ४,८०० रुपये झाले आणि एकाच बैठकीत दोन मागण्या आल्या. एकीला सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी ३,००० हवे होते, दुसरीला सोयाबीनच्या बियाण्याला ३,०००. बियाणंवाली अध्यक्षांची जाऊ. झालं! "घरातल्या घरातच वाटून घ्या" असं कुणीतरी बोललं, दोघी उठून निघाल्या, आणि बाकीच्यांनी निकालासाठी माझ्याकडे पाहिलं.

अशा वेळी निकाल द्यायचा नाही, हे मला माझ्या आधीच्या ताईंनी शिकवलं होतं. मी निकाल दिला असता तर हरलेली बाजू माझ्यावर रुसली असती आणि पुढचं प्रत्येक भांडण माझ्या दारात आलं असतं. पण बैठक मोडूही द्यायची नाही. निघालेल्या दोघींना मी परत बसवलं आणि एवढंच विचारलं, "नावं बाजूला ठेवा. पैसे कमी आणि मागणाऱ्या जास्त असल्या तर आधी कोणत्या कारणाला द्यायचे?" अध्यक्षांना म्हटलं, तुमचं मत सगळ्यात शेवटी. तासभर गेला. आजारपण आधी, मग मुलांची फी, मग शेती, असा क्रम ठरला. महिना दोन टक्के व्याज आणि आधीचं कर्ज थकलेलं असेल तर नवीन नाही, हेही ठरलं. दवाखान्याला पूर्ण ३,००० गेले, बियाण्याला १,८०० लगेच आणि उरलेले १,२०० पुढच्या महिन्याच्या बचतीतून. मे महिना होता, पेरणीला अवकाश होता, म्हणून ते जमलं. ठराव वहीत गेला आणि बाराही जणींच्या सह्या-अंगठे झाले.

गट रुळला हे मला पुढं एका बैठकीत दिसलं. अध्यक्षबाई उशिरा आल्या आणि सचिवानं त्यांच्याकडून दहा रुपये दंड घेतला, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून मी मागं बसायला लागले.

याच्या उलट खूणही सांगते. काही गट कधी भांडतच नाहीत. त्यांची इतिवृत्ताची वही उघडली तर सहा महिन्यांच्या बैठका एकाच पेनानं, एकाच अक्षरात, एकाच दमात लिहिलेल्या असतात. सह्या घरोघरी फिरून घेतलेल्या. तो गट रुळलेला नसतो, बसलेलाच नसतो.

कोडवाला_हिंजवडी

मस्त धागा. माझा अनुभव असा की माणसं नीट निवडली तर मधला भांडणाचा टप्पा टाळता येतो. आमच्या सात जणांच्या टीममध्ये मी सगळे एकाच विचाराचे घेतले. पहिल्या आठवड्यातच कोड रिव्ह्यू कसा करायचा, रिलीजला शेवटचा होकार कुणाचा, हे लिहून टाकलं. एकही वाद नाही, सरळ परफॉर्मिंग. त्या टप्प्यावर लीडनं पूर्ण बाजूला व्हावं. टीमला लीड लागतच नाही.

सरांचा_तास

एमबीएच्या मुलांना हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टकमननं स्वतः गट चालवून हे टप्पे काढलेले नाहीत. त्यानं तोवर प्रसिद्ध झालेले पन्नासेक अभ्यास एकत्र वाचले. त्यात मोठा वाटा मानसोपचाराच्या गटांचा आणि संवेदनशीलता प्रशिक्षणाच्या गटांचा होता. खरंखुरं काम करणारे गट थोडेच होते आणि ही मर्यादा त्यानं स्वतः नोंदवली आहे. तेव्हा प्रत्येक टीम या चार पायऱ्या क्रमानं चढेलच असं धरू नये. १९७७ साली त्यानं मेरी अ‍ॅन जेन्सनबरोबर गट विसर्जित होण्याचा पाचवा टप्पाही जोडला.

कोडवाला, तुम्ही नियम आधी लिहिलेत हे उत्तम. त्यानं किरकोळ कटकटी नक्की कमी होतात. पण एकाच विचाराची सात माणसं भांडली नाहीत, यावरून वाद टळला की अजून समोर आला नाही, ते ठरवता येत नाही. एक तपासा: कुणी ज्युनियर तुमच्या डिझाइनवर सगळ्यांसमोर आक्षेप घेतो का? घेत नसेल तर तुमची टीम अजून पहिल्याच टप्प्यावर असू शकते, फक्त कामाला वेगवान.

आणि लीड पूर्ण बाजूला होतो हे अर्धंच खरं. गटाच्या आतली कामं तो सोडतो. बाहेरची सोडत नाही: वरिष्ठांशी बोलणं, नवीन माणूस आला की त्याला सामावणं, काम बदललं की ते आधी ओळखणं.

कोडवाला_हिंजवडी

आक्षेप… खरं सांगायचं तर ज्युनियर मला वेगळं चॅट करून विचारतात, कॉलवर नाही. यावर विचार करतो. पण भांडण मुद्दाम घडवायचं का, हे मला अजून पटत नाही.

सरांचा_तास

मुद्दाम घडवू नका. चॅटवर आलेला प्रश्न त्याच ज्युनियरला कॉलवर मांडायला सांगा, आणि तो मांडेल तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. बाकीच्यांना बोलू द्या. एवढंच.

ताशाचा_तर्रा

आमचं ढोल-ताशा पथक दरवर्षी गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी नव्यानं उभं राहतं. जुने वादक असतात, पण नवे इतके येतात की गट नवाच म्हणायचा. सुरुवातीला नदीकाठी सरावाला सगळे गोड. नवे ढोल उचलायला धावतात, जुने त्यांना वाजवण्याचा हात शिकवतात. ठिणगी पडते ती मिरवणुकीत पहिल्या रांगेत कोण, यावरून. जुने म्हणतात आमचा मान, नवे म्हणतात आम्ही एकही सराव चुकवला नाही.

आमचे प्रमुख हजेरीची वही पहिल्या सरावापासून उघडी ठेवतात, कुणीही येऊन बघावं. रांगा हजेरी आणि हात दोन्ही पाहून लागतात, आणि हात बघायला एक जुना आणि एक मागच्या वर्षीचा नवा असे दोघं बसतात. तरी रुसवे होतात. पण भांडण "तू कोण?" वरून "माझी हजेरी चुकीची लागली" वर येतं, आणि ते वही उघडून मिटवता येतं.

मिरवणुकीच्या दिवशी मात्र चर्चा नाही. रस्त्यावर प्रमुखांचा हात वर गेला की वादन थांबलंच पाहिजे. रुळलेल्या गटात नेता मागं बसतो हे आमच्याकडे त्या दिवसापुरतं लागू नाही.

चौथा_मजला

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीत दोन वर्षं नुसतं स्टॉर्मिंगच चालू आहे. सेक्रेटरी कुणाचं ऐकत नाही. त्यांना पदावरून काढायची प्रक्रिया काय, कुणी सांगेल का?

माणदेशी_माया

दादा, ती प्रक्रिया तुमच्या उपविधींत बघावी लागेल, किंवा उपनिबंधक कार्यालयात विचारा. पण या धाग्यापुरतं विचारते: समितीत कोणता निर्णय कुणी घ्यायचा, हे कधी लिहिलं होतं का? कार्पेट एरिया, भाडं, बिल्डरची निवड, सगळं एकाच बैठकीत येत असेल तर माणूस बदलूनही भांडण तेच राहील.

चौथा_मजला

लिहिलेलं काही नाही. सगळं एकाच बैठकीत येतं हे खरं आहे. पण माणूसही तसाच आहे हो.

ओटी_सिस्टर

मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. आमच्याकडे टप्प्यांना वेळच नसतो. आज एक सर्जन, उद्या दुसरे, भूलतज्ज्ञ वेगळे, कधी कधी तर सगळेच पहिल्यांदा भेटतात आणि अर्ध्या तासात पोट उघडायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी आहे. तिच्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, मग रुग्ण, जागा आणि शस्त्रक्रिया पुन्हा पडताळायची. आधी मला हा नुसता सोपस्कार वाटायचा. पण एकदा नाव सांगून तोंड उघडलं की नवी मुलगीसुद्धा नंतर "सर, एक स्पंज कमी येतोय" असं स्पष्ट म्हणू शकते. सर्जननं स्वतः थांबून प्रत्येकाचं नाव ऐकलं तरच हा फरक पडतो. कागदावर नुसती खूण केली तर काही होत नाही.

म्हणजे आमचे नियम गटानं भांडून ठरवलेले नसतात, आधीपासून भिंतीवर असतात. नेत्याचं काम ते त्या दिवशी जिवंत करण्याचं.

सरांचा_तास

सिस्टर, ही फार चांगली मर्यादा दाखवलीत. अजून एक जोडतो. संशोधक कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये ठरावीक मुदतीचं काम असलेल्या आठ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गटांत क्रमवार टप्पे दिसले नाहीत. पहिल्याच बैठकीत पडलेली रीत ते तशीच ओढत नेत, आणि पहिली बैठक ते मुदत यांच्या साधारण मध्यावर एकदम कूस बदलत. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये मला हेच जास्त दिसतं. म्हणून बारा आठवड्यांचं काम असेल तर सहाव्या आठवड्यात मी मुद्दाम एक तास घेतो आणि एकच विचारतो: पहिल्या दिवशी जे गृहीत धरलं, त्यातलं काय सोडायचं?

ताशाचा_तर्रा

माया ताई, तुमचा गट रुळल्यावर पुढं काय झालं? एकदा रुळला की रुळला का?

माणदेशी_माया

नाही ना! बँकेचं दीड लाखाचं कर्ज मंजूर झालं आणि पुन्हा पहिल्यासारखी भांडणं. बाराजणींत सारखं वाटलं तर प्रत्येकीला १२,५००. बहुतेकींना हेच न्याय्य वाटत होतं. पण चौघींना कर्ज नकोच होतं, एकीला शेळ्यांसाठी ३०,००० हवे होते. सारखं वाटलं असतं तर त्या चौघींनी आपला वाटा गुपचूप दुसरीला दिला असता. मग हप्ता थकला की वहीवर नाव एकीचं आणि पैसे दुसरीकडे. शेजारच्या गावात एक गट असाच फुटला.

मी परत पुढं येऊन बसले, पहिल्या महिन्यांसारखी. जुना ठराव वाचून दाखवला. त्यात रकमेचा विषयच नव्हता, कारण तेव्हा पेटीत ४,८०० होते. मग प्रत्येकीनं काम काय, त्यातून महिन्याला किती येईल, हप्ता किती झेपेल, हे सगळ्यांसमोर सांगायचं ठरलं. शेळीवालीला ३०,००० ऐवजी २०,००० मिळाले. चौघींनी कर्ज घेतलं नाही, पण परतफेडीची जबाबदारी सगळ्यांची म्हणून सह्या त्यांनीही केल्या.

त्यातल्या दोघी अजून नाराज आहेत. फायदा दुसरीला आणि जोखीम आम्हाला, हे त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. कर्ज न घेणारीला जोखमीचा मोबदला कसा द्यावा, व्याजातला वाटा वाढवून की आणखी कसा, हे कुणाच्या गटानं सोडवलं असेल तर जरूर लिहा. पुढच्या बैठकीत तोच विषय आहे.