'स्वगट-पूर्वग्रह' हा शब्द चालेल का?

कृष्णाकाठ (सांगली): पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्राचं एक प्रकरण मराठीत आणतेय. आपल्या गटाला झुकतं माप देण्याच्या प्रवृत्तीला, म्हणजे 'इन-ग्रुप बायस'ला, मी 'स्वगट-पूर्वग्रह' लिहिलं. बहिणीनं वाचून विचारलं, "म्हणजे माणसाचं स्वतःच्याच गटाबद्दल वाईट मत असतं का?" तिचं काय चुकलं? पूर्वग्रह आपण वाईट मतालाच म्हणतो. मग 'आपल्यातल्यांचा पक्षपात' केलं, तर साताऱ्याच्या मैत्रिणीनं ते खोडलं. तिच्या कानाला 'आपल्यातला' म्हणजे जातीतला. मजकूर आहे दोन विरोधी बाजूंच्या बातम्या लोक कशा जोखतात याबद्दल.

तासगावचा: 'आपल्यातला' खोडू नका ताई. आमच्याकडं स्थळ आलं की पहिला प्रश्न हाच, 'आपल्यातलंच हाय न्हवं?' बातम्यांचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या वेळी पेपरानं आमच्या पार्टीची सभा चार ओळींत उरकली, समोरच्यांची मात्र फोटोसकट छापली. वर समोरच्या पार्टीतला माझा मेव्हणा मलाच म्हणतो, "पेपर तर तुमचाच आहे." दोघांनी एकच पेपर वाचला होता!

वाईकर: मैत्रिणीशी मी सहमत आहे. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल 1970 च्या लेखात नेमकं हेच दाखवतात, की गटाला जात, रक्त, जुनी ओळख काहीच लागत नाही. ब्रिस्टलच्या शाळेतल्या 14-15 वर्षांच्या मुलांना पडद्यावरचे ठिपके किती ते अंदाजानं सांगायला लावलं. 'तू जास्त सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला' असं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. मग प्रत्येकानं इतर दोघांना गुण वाटायचे. गुणांचे पैसे मिळणार होते, पण स्वतःला काही घ्यायचं नव्हतं. पुढच्या प्रयोगात गट चित्रांच्या आवडीवरून पाडल्याचं सांगितलं. तिथं गुणांच्या जोड्यांची पट्टी देऊन एक जोडी निवडायला लावली. एका पट्टीच्या एका टोकाला आपल्या गटातल्याला 19 आणि पलीकडच्याला 25, दुसऱ्या टोकाला 7 आणि 1, मधोमध 13-13. आपल्याचं भलं करायचं तर 19 द्यावेत ना? पण मुलं 7-1 च्या बाजूला झुकली. आपल्याचे गुण घटले तरी चालतील, पण तो वरचढ राहिला पाहिजे. इथं 'आपल्यातला' म्हटलं की भावकी आठवते आणि प्रयोगाचा मुद्दाच जातो.

कोयनाकाठ (कराड): मग 'आपपरभाव' हा तयार शब्द आहे की! आजीच्या तोंडी होता. संस्कृतची जोडाजोडी कशाला? आणि माझ्या शिकवण्याच्या अनुभवानं सांगते, ज्यांना विषयाची माहिती नसते तेच बातमीत असा आपपरभाव करतात.

वाईकर: 'आपपरभाव' सुंदर आहे, पण त्यात दोष दिल्याचा सूर येतो. आणि माहितीचं उलट आहे, मॅडम. 1982 मध्ये बैरुतच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झालं. त्यावरच्या दूरचित्रवाणी बातम्या स्टॅनफर्डच्या 144 विद्यार्थ्यांना दाखवल्या; तो अभ्यास 1985 मध्ये छापला गेला. तीच चित्रफीत पाहून इस्रायलच्या बाजूचे म्हणाले, ही आमच्या विरोधात आहे. अरबांच्या बाजूचेही तेच म्हणाले. त्यातही ज्यांना विषय जास्त ठाऊक होता, त्यांना पक्षपात जास्त दिसला. तासगावच्या दादांचा आणि मेव्हण्यांचा पेपर तो हाच.

तासगावचा: पण सर, फोटो खरंच त्यांचाच होता.

वाईकर: असेलही. पेपर एका बाजूला झुकलेला असूच शकतो. दोघांची तक्रार आली म्हणून तो निर्दोष ठरत नाही. ते ठरवायला ओळी आणि फोटो वेगळे मोजावे लागतील. कृष्णाकाठताई, खरी अडचण मला वेगळी दिसते. तुमच्या प्रकरणात एका शब्दाखाली दोन गोष्टी आल्या असाव्यात. आपल्या बाजूनं दिलेली बातमी खरी वाटणं, ही एक. मध्यस्थानं दिलेली समतोल बातमीही आपल्या विरोधात वाटणं, ही दुसरी. पहिलीला मी 'आपली कड घेणं' म्हणेन. दुसरीला तो शब्द बसत नाही.

कृष्णाकाठ: हो, दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण 'कड घेणं' परीक्षेत कसं लिहायचं? विद्यार्थ्यांना नाम लागतं.

कोयनाकाठ: 'स्वगट-कल' लिहा.

तासगावचा: 'कल' तर मतमोजणीचे असतात ताई! सकाळी दहाला कल, दुपारी निकाल. पोरं गोंधळतील. 'कड' अस्सल मराठी आहे, तोच ठेवा.

मिरजकर: अस्सल मराठी? कन्नडमध्ये 'कडे' म्हणजे बाजू. आमच्या घरी दोन्ही भाषा बोलतात. 'माझ्याकडे'तला 'कडे' तिकडूनच आलाय.

कोयनाकाठ: संस्कृत 'कट' म्हणजे कंबरेची बाजू. कड तिथून आली. उगाच सीमेपलीकडं कशाला जायचं?

मिरजकर: मॅडम, सीमा अलीकडची आहे, शब्द जुना आहे. माझी आजी जतची. ती 'आ कडे, ई कडे' म्हणायची, म्हणजे त्या बाजूला, या बाजूला. तिनं काय संस्कृतातून घेतलं?

वाईकर: दोन्ही भाषांत असल्यानं कोणी कोणाकडून घेतला हे ठरत नाही. जुन्या मराठी लेखांतले दाखले काढावे लागतील.

मिरजकर: काढा सर. मी आईला विचारून आणखी शब्द आणतो.

कृष्णाकाठ: तोवर पहिल्या गोष्टीला 'स्वगटाची कड' लिहून ठेवतेय. दुसरीची जागा कोरी आहे. समतोल बातमी दोघांनाही वैऱ्याची वाटते, त्याला काय म्हणू?

कोयनाकाठ: मिरजकर, 'कडेवर घेणं' पण कन्नडच का मग?