मदत हवी आहे: व्हिडिओ मुलाखतीत आवाज गेला, मेल कसा लिहू?

शिरोलीकर (गुरुवार, सकाळी 10.20)
काल ऑनलाइन मुलाखत होती. मध्येच आवाज गेला आणि एक उत्तर पार वाया गेलं. परत थोडा वेळ द्या असा मेल करायचाय. कुणाकडं मसुदा असेल तर टाका, आजच पाठवायचाय.

पेठकर
आपल्याकडं लाइटीचा भरवसा धरू नका. राउटरला छोटा यूपीएस लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा. 9 व्होल्टच्या राउटरला 12 चा जोडला तर राउटर जळू शकतो.

शिरोलीकर
लाइट गेलीच नव्हती हो. मसुदा पाहिजे.

भरतीवाल्या_ताई
मसुदा देते, पण आधी सांगा: आवाज कुणाचा गेला, किती वेळ, आणि समोरच्यांना तेव्हाच कळलं का? मुलाखत शेवटपर्यंत झाली का? लिंक कुणी पाठवली होती?

शिरोलीकर
माझा गेला. ब्लूटूथ हेडसेटची बॅटरी संपली. माझे ओठ हलताना दिसत होते म्हणे, तिकडं शब्द जात नव्हता. चारेक मिनिटं गेली, मग लॅपटॉपचा माइक निवडला. "असू दे, पुढं जाऊ" म्हणाले आणि बाकीची मुलाखत झाली. क्वालिटी इंजिनिअरची जागा, कंपनी पुण्याची. लिंक एचआर मॅडमनी पाठवलेली. प्रश्न कास्टिंगमधल्या ब्लोहोलचा होता, म्हणजे धातू ओतताना वाफ-वायू अडकून राहणाऱ्या पोकळ्यांचा, त्यामुळं होणारं रिजेक्शन कसं कमी केलं म्हणून.

राजारामपुरी_7
भावा, पॅनेलच्या तिघांनाही मेल टाक, आजच. स्क्रीनशॉट जोड आणि सगळी मुलाखतच परत घ्या म्हण.

भरतीवाल्या_ताई
आजच, हे बरोबर. शेरे एकदा भरले की ते बदलायला कुणी बसत नाही. बाकीचं करू नका. सगळी मुलाखत परत म्हणजे तिघांचा तासभर जुळवायचा, तिथंच नकार येतो. दहा मिनिटांना एक माणूस पुरतो. स्क्रीनशॉटचीही गरज नाही, आवाज गेलेला त्यांनी स्वतः पाहिलाय.

लिंकच्या मेललाच उत्तर द्या, विषय बदलू नका. पद आणि तारीख खालीच राहते, मॅडमना शोधावं लागत नाही. मराठीत लिहिते, इंग्रजीत करून पाठवा:

> नमस्कार मॅडम,
> क्वालिटी इंजिनिअर पदासाठी काल वेळ दिल्याबद्दल आभार. ब्लोहोल रिजेक्शनच्या प्रश्नावेळी माझ्या हेडसेटचा आवाज सुमारे चार मिनिटं बंद होता, त्यामुळे ते उत्तर पॅनेलपर्यंत पोचलं नाही. त्याबद्दल दिलगीर आहे. तेवढ्याच प्रश्नासाठी दहा मिनिटं मिळतील का? शुक्रवारी 4 नंतर किंवा शनिवारी सकाळी 10 ते 12 मी मोकळा आहे, साधा फोनही चालेल. वेळ जमणार नसेल तर उत्तराचा सारांश खाली देत आहे, तो कृपया पॅनेलकडे पाठवावा.

खाली तीन-चार ओळी, जास्त नको. हेडसेट तुमचा होता, म्हणून "तांत्रिक अडचण" असं मोघम लिहू नका, त्यांच्या लिंकवर खापर फोडल्यासारखं वाटतं.

राजारामपुरी_7
उत्तर मेलमध्येच दिलं तर ते वेळ कशाला देतील? सारांश काढून टाक.

भरतीवाल्या_ताई
वेळ नाही दिला तरी उत्तर पोचतं. रिकाम्या मेलवर "नाही" आलं तर हातात काहीच राहत नाही.

राजारामपुरी_7
मला नाही पटत. लेखी उत्तर कुणाला विचारून लिहिलं असंही वाटू शकतं.

शिरोलीकर
सारांश चौदा ओळींचा झाला होता, कापून एवढा केलाय, बसतो का बघा: "वाळूतला ओलावा 4.5 टक्क्यांपर्यंत जात होता, ओतताना वाफ अडकायची. तपासणी पाळीला एकदा होती, ती दर तासाला केली. ओलावा 3.5 च्या आसपास ठेवला आणि साच्याचे व्हेंट वाढवले."

भरतीवाल्या_ताई
बसतो. रिजेक्शन किती टक्क्यांवरून कितीवर आलं तो आकडा घाला, रजिस्टरात असेल तोच.

फाउंड्री_गोकुळ
ओलावा उतरवला की वाळू ठिसूळ होते, साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू कास्टिंगमध्ये जाते. दहा मिनिटं मिळाली तर पहिला प्रश्न हाच येणार. वाळूची ताकद कशी राखली ते तयार ठेवा.

उचगाव_कन्या
माझी मुलाखत रेकॉर्ड करून पाठवायची होती, समोर कुणी नव्हतंच. तिसऱ्या प्रश्नावर पान गोठलं. हाच मेल चालेल?

भरतीवाल्या_ताई
नाही. तिथं दहा मिनिटं मागून उपयोग नाही, तो प्रश्न परत उघडून मागा. एचआरला प्रश्नाचा क्रमांक, वेळ आणि ब्राउझर कळवा. तुमच्याकडं मात्र स्क्रीनशॉट लागेल, कारण पान गोठलेलं कुणीच पाहिलं नाही.

शिरोलीकर (दुपारी 3.40)
पाठवला, सारांशासकट. उत्तर नाही आलं तर?

राजारामपुरी_7
उद्या सकाळी फोन लाव.

भरतीवाल्या_ताई
सोमवारी दुपारपर्यंत थांबा, मग त्याच मेलवर दोन ओळी लिहा. मेलच्या दुसऱ्या दिवशी फोन नको.

शिरोलीकर (शुक्रवार, सकाळी 11.05)
"पॅनेलला विचारून कळवते" एवढंच आलंय. आज 4 नंतरची वेळ धरून बसू का शनिवारची?

फाउंड्री_गोकुळ
दोन्ही धरा. आणि हेडसेट आत्ताच चार्जिंगला लावा.