उणे चिन्ह नेमकं कशासाठी?
> उष्णता तर उजवीकडेच जातेय, मग q = −k dT/dx मध्ये उणे कशाला?

हा उष्णतावहनाचा फूरिएचा नियम: q म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरमधून वाहणारी उष्णता, k म्हणजे पदार्थाची उष्णतावाहकता आणि dT/dx म्हणजे x दिशेने पुढे जाताना तापमान T बदलण्याचा दर. उणे लागतं कारण उजवीकडे जाताना तापमान उतरतं. ०.२ मीटर जाडीचा स्लॅब घ्या, डावी बाजू ३०°, उजवी १०° सेल्सिअस, k = ०.८ वॅट प्रति मीटर-केल्विन. उजवीकडे x धन धरला तर dT/dx = (१० − ३०)/०.२ = −१०० केल्विन प्रति मीटर. उणे गुणिले उणे, म्हणून q = +८० वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे उजवीकडे.

आता x डावीकडे धन धरून बघा, हे प्रत्येकाने एकदा करावंच. dT/dx +१०० होतो, q −८०. उष्णता मात्र अजूनही उजवीकडेच! चूक बहुधा डावीकडचं तापमान T₁, उजवीकडचं T₂ आणि जाडी L धरून k(T₁ − T₂)/L लिहिताना होते: वजाबाकी उलटवली की उणे त्यातच जिरतं, ते पुन्हा लावू नका.