वाचताना कळतो, बोलताना पळतो

लातूरचा उमेदवार: दोन वर्षांत इंग्रजी शब्दांची 1800 कार्डं केली. पुढं शब्द, मागं मराठी अर्थ. अर्थ झटकन सांगतो, पण मुलाखतीच्या सरावात तोंडातून 'गुड' आन् 'व्हेरी बॅड' एवढंच निघायलंय. पाठांतर कमी पडतंय का?

क्लासवाल्या बाई, परभणी: कार्डं एकाच बाजूनं घोटलीत तुम्ही. इंग्रजी पाहून मराठी आठवणं हा एक सराव, मराठीवरून इंग्रजी काढणं हा वेगळा. 1800 सोडा, आठवड्याला 10 शब्द घ्या. 'रिलक्टंट' घेऊ. पुढच्या बाजूला नुसतं 'नाखूष' लिहिलं तर 'अनहॅपी' किंवा 'अनविलिंग'ही बरोबर ठरतं. म्हणून प्रसंग लिहा: 'बाबा शेत विकायला तयार होते, पण मनातून नव्हते.' बाजूला पहिलं अक्षर 'र'. आधी पूर्ण वाक्य मोठ्यानं बोलायचं, मगच कार्ड उलटायचं. माझ्या एका विद्यार्थ्याला शब्द आठवला, पण तो म्हणाला 'रिलक्टंट फॉर सेलिंग'. 'टू सेल' हे शेपूट कार्डावर नव्हतंच. शब्द एकटा साठवला की असा अडतो.

वाचनवेडा, बीड: हे सगळं कृत्रिम वाटतं. मराठी शिकताना कुणी कार्डं केली होती? भरपूर वाचा, आपोआप येईल.

क्लासवाल्या बाई: वाचनानं ओळख पक्की होते, कशाच्या जोडीला काय येतं तेही कळतं, हे मान्य. पण वाचताना मागचा-पुढचा संदर्भ मदत करतो, शब्द तुम्हाला शोधावा लागत नाही. मराठी लहानपणी दिवसभर बोलत होतो की आपण!

धर्माबादचा दुकानदार: आमच्याकडं बाजारात तेलुगू चालते. लहानपणापासून सगळी कळायची, उत्तर मात्र मराठीत. गल्ल्यावर बसलो आन् तीन महिन्यांत सुटली. गिऱ्हाईक समोर उभं असलं की बोलावंच लागतं. कार्डं कशाला?

लातूरचा उमेदवार: दादा, माझ्यासमोर इंग्रजी गिऱ्हाईक कुठून आणू?

क्लासवाल्या बाई: मित्र आणा. एकच गोष्ट आधी 4 मिनिटांत, मग 3, मग 2 मिनिटांत सांगायची, दर वेळी नवा ऐकणारा. आठवड्यातले दोन-तीन शब्द त्यात बसवायचे. वेळ कमी झाला की अडखळणं कमी होतं. कार्डावर आठवला म्हणजे जमला असं धरू नका. चार दिवसांनी दुसऱ्याच विषयावर बोलताना न ठरवता आला, तर आला.

वाचनवेडा: 1800 ला आठवड्याला 10 म्हणजे साडेतीन वर्षं! परीक्षा तोवर थांबणार?

क्लासवाल्या बाई: सगळे बोलण्यात आणायचेच कशाला? उताऱ्यासाठी ओळख पुरते. मुलाखतीत शेती, गाव, स्वतःचं मत याला लागणारे दीडशे-दोनशे निवडा.

वाचनवेडा: निवडायचे कुणी? ज्याला बोलताच येत नाही त्याला कोणते लागतील हे कसं कळणार?

लातूरचा उमेदवार: काल सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं. जिथं 'गुड' म्हणून वेळ मारून नेली तिथं खूण केली, सात जागा निघाल्या. पाच ठिकाणचा शब्द माझ्या कार्डांत होताच.