प्रतिसाद: एक घर सोडून होणारी काटाकाट

"1/(n(n+2)) ची n = 1 पासून अनंतापर्यंत बेरीज करताना सगळं कटून 1/2 उरतं, पण पुस्तकात उत्तर 3/4 आहे. कुठे चुकतंय?"

तुम्ही पहिलं एकच पद उरवलंत, तिथेच चुकलं. आंशिक अपूर्णांक केले की

1/(n(n+2)) = ½[1/n − 1/(n+2)]

इथे वजा पद लगेच पुढच्या पदाशी कटत नाही. n = 1 मधला −1/3 कटतो तो थेट n = 3 मधल्या +1/3 शी. म्हणून सुरुवातीला 1 आणि 1/2 या दोघांनाही जोडीदार मिळत नाही, आणि शेवटीही दोन पदं लटकतात:

S_N = ½[1 + 1/2 − 1/(N+1) − 1/(N+2)]

N = 2 घालून पाहा: ½ · 11/12 = 11/24, आणि प्रत्यक्ष 1/3 + 1/8 सुद्धा तेवढेच. (ही तपासणी मी कधीच टाळत नाही.) आता N → ∞ केलं की शेवटची दोन्ही पदं शून्याकडे जातात आणि ½ · 3/2 = 3/4 मिळतं.

सूत्राआधीच अनंताला हात घालू नका. Σ1/n आणि Σ1/(n+2) वेगळ्या केल्या तर दोन्ही अपसारी आहेत, आणि ∞ − ∞ मधून काहीही निघू शकतं.