१६ वर्षांच्या मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोलिसांना सांगायची का?

नवशिकी_नाशिक:
एमए कौन्सेलिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप एका ज्युनियर कॉलेजात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) अकरावीतली १६ वर्षांची मुलगी म्हणाली की २० वर्षांच्या एका मुलाशी तिचे शारीरिक संबंध आहेत, तिच्या मर्जीने. घरी कळलं तर बाबा मारतील आणि शिक्षण बंद करून लग्न लावून देतील, "ताई, कुणाला सांगू नका ना" असं म्हणाली. सुपरवायझर म्हणतात रिपोर्ट करावाच लागेल, बॅचमेट म्हणतात गप्प बस. तुम्हाला काय वाटतं?

रानफूल:
गप्प बस. २०१२ च्या आधी संमतीचं वय १६ होतं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आला आणि एका रात्रीत अशा सगळ्या पोरी "पीडित" झाल्या. तू रिपोर्ट केलास की पोलीस येणार, मुलगा आत जाणार, बापाला कळणार आणि ज्याची तिला भीती आहे तेच होणार, तेही तुझ्या हातून. वर त्या कॉलेजातली एकही मुलगी परत तुझ्या खोलीत पाय ठेवणार नाही.

वकील_कोल्हापूर:
भावना समजतात पण कायदा स्पष्ट आहे. पॉक्सोचं कलम १९ "कोणतीही व्यक्ती" म्हणतं, त्यात कौन्सेलरला सूट नाही. १८ खालच्या मुलाची संमती धरत नाहीत. माहिती असून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात हायकोर्टाने एका डॉक्टरवरची न कळवल्याची केस रद्द केली होती, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. त्याच वर्षी कोर्टाने डॉक्टरांना थोडी सूट दिली खरी, पण ती गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव न सांगण्यापुरती.

पुस्तकी_किडा:
आम्हाला टॅरासॉफ केस शिकवली. कॅलिफोर्नियात एका तरुणाने थेरपिस्टला सांगितलं की मी त्या मुलीला मारणार, थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला सोडून दिलं, मुलीला कुणी सांगितलंच नाही आणि १९६९ मध्ये तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की धोक्यातल्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवरही येते. म्हणजे नियम काय, तर कुणाच्या जिवाला धोका असेल तरच गुपित फोडायचं. इथे धोका कुणाला आहे? मग रिपोर्ट कशाला?

माधुरी_सुपरव्हिजन:
किडा, केस बरोबर सांगितलीस, पण तो कॅलिफोर्नियाचा निकाल, आपल्याकडे त्याने कुणी बांधलेलं नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ आहे, दुसऱ्याला इजा होणार असेल किंवा जिवाला धोका असेल तर माहिती देता येते, आणि तीही फक्त धोका टाळायला लागेल तेवढीच. तिथे तोलून बघायला जागा आहे. कुणी म्हणालं "मरावंसं वाटतं" तर आपण विचारतो की कसं, कधी, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न केलाय का, आणि त्यावरून ठरवतो की घरी आत्ता फोन करायचा की तिच्याबरोबर बसून सुरक्षेचा प्लॅन लिहायचा. पॉक्सोत असं तोलायला जागाच ठेवलेली नाही. ट्रेनी लोक हे दोन्ही एकाच तराजूत टाकतात आणि अडकतात.

आता नवशिकी, तुझ्यासाठी. मॅडमना सांगितलं म्हणजे माझं काम झालं असं समजू नकोस, "कोणतीही व्यक्ती" मध्ये तूही येतेस. आजच तारीख टाकून नोंद कर, तिच्या शब्दांत, स्वतःचे अंदाज न घालता. रिपोर्ट संस्थेने केला तर त्याची पोच बघून घे. जायचं विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा जवळच्या ठाण्यात, वाट कळत नसेल तर १०९८ ला विचार. पण त्याआधी मुलीला सांग, आणि ती एकटी असताना सांग.

आणि रानफूल म्हणतेय ती मारहाणीची भीती खरी धरून रिपोर्टमध्येच लिहायची, की मुलीला घरातून मारहाणीचा आणि बळजबरीच्या लग्नाचा धोका आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, मुलीला संरक्षण लागतंय असं वाटलं तर त्याच २४ तासांत सोय करायची असते. हे कागदावर नसेल तर पोलीस सरळ वडिलांना फोन लावतात आणि संध्याकाळी तिला घरी सोडून येतात. जबाब ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हेही तिला आधी माहीत असलेलं बरं.

आई_सांगलीची:
माझ्या १५ वर्षांच्या मुलाचा कौन्सेलर मला काहीच सांगत नाही, फी मी भरते! मग हे गुपित फक्त आईबापांपासूनच का? आधी आम्हाला सांगा, पोलिसांचं नंतर बघू.

माधुरी_सुपरव्हिजन:
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. मुलाचं काय चाललंय, धोका नाही ना, पुढे काय करायचं, हे तुम्हाला कळायलाच हवं, आणि पहिल्या भेटीत तिघांनी बसून ते ठरवायला हवं होतं. प्रत्येक वाक्य कळायला नको. इथे तर मारण्याची भीती ज्याच्याकडून आहे त्यालाच आधी सांगायचं, हे कसं करणार?

रानफूल:
माधुरीताई, कागदावर सगळं छान. समितीकडून मुली बालगृहात जातात आणि तिथून रडत घरी जायला मागतात, हे मी जवळून बघितलंय. आणि आता तुम्ही म्हणाल पहिल्याच सेशनला मर्यादा सांगायच्या. सांगितल्या की पोरी बोलणंच बंद करतात, मग जिच्यावर खरंच जबरदस्ती होतेय तीही गप्प बसते. वाचवलं कुणाला?

माधुरी_सुपरव्हिजन:
तुझा दुसरा मुद्दा मलाही छळतो. तरी मी सांगायलाच लावते. फॉर्मवर सही घेऊन नाही, तोंडाने, साधारण असं: "तू बोलशील ते माझ्याकडे राहील. पण तू स्वतःला किंवा कुणाला इजा करणार असशील, किंवा १८ च्या आतल्या कुणाशी लैंगिक काही झालंय असं मला कळलं, तर मला ते पुढे सांगावं लागतं, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन." मग तिलाच विचारायचं, काय समजलं सांग. आणि मधेच ती त्या वळणावर आली की थांबवायचं, "पुढे सांगण्याआधी आपलं काय ठरलं होतं आठवतंय?" काही मुली तिथे थांबतात, हे खरंय. पण काय बोलायचं ते तिने ठरवलेलं असतं. न सांगता ऐकून घ्यायचं आणि मग पोलिसांत जायचं, हे मला फसवणुकीसारखं वाटतं.

पुस्तकी_किडा:
मग आपणच जास्त विचारू नये ना? नुसतं प्रेम असणं, भेटणं हा काही गुन्हा नाही. तपशील विचारलाच नाही तर माहितीही नाही.

माधुरी_सुपरव्हिजन:
तपास आपलं काम नाही, म्हणून कुठे, कसं हे खोदायचं नाही हे बरोबर. पण "तुला नको असताना काही झालं का, तुला कुणाची भीती वाटते का" हे विचारायचंच. ते टाळून स्वतःची कातडी वाचवणारे बघितलेत मी.

वकील_कोल्हापूर:
शिवाय कलम १९ मध्ये गुन्हा होण्याची शंकाही येते. नुसती शंका असली तरी कळवायचं असतं, त्यामुळे कान बंद करून सुटका नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर केस होत नाही, हेही त्याच कलमात आहे. वय खाली आणावं का याचा विचार विधी आयोगाने २०२३ मध्ये केला, वय १८ च ठेवा म्हणाले, पण १६ ते १८ च्या केसमध्ये शिक्षेबाबत न्यायाधीशांना मोकळीक द्या असंही सुचवलं. तोवर आहे हे असं आहे.

रानफूल:
कायदा आहे म्हणून करा, एवढंच उत्तर असेल तर ते मला पटत नाही. पण नवशिकी एकटीने जेलचा धोका घ्यावा असंही मी म्हणू शकत नाही. निदान मुलीबरोबर ठाण्यात जा, तिला एकटी पाठवू नकोस.

नवशिकी_नाशिक:
पहिल्या सेशनला मर्यादा सांगितल्या होत्या, पण जिवाच्या धोक्याच्या, पॉक्सोचं फॉर्मवर नव्हतंच. सोमवारी मॅडमबरोबर बसून मुलीला आधी सांगणार आहोत, घरच्या धोक्याचं लिहून काढलंय. एक विचारायचं राहिलं, तिची विश्वासातली मावशी आहे, जबाबाच्या वेळी तिला बसवता येईल का?

वकील_कोल्हापूर:
येईल. मुलीचा विश्वास आहे अशी व्यक्ती जबाबाला बसू शकते. मावशीचं नाव मुलीलाच सांगू दे आणि अर्जातच घाल.